दोन नोकऱ्यांची एक बेरीज

गोंदिया जिल्ह्यात धान पिकते, म्हणून धानाच्या गिरण्याही इथे पुष्कळ. गिरणी असे कोणी म्हणत नाही, राईस मिल म्हणतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव, कुठेही जा, मिल दिसेलच. ह्या मिलमध्ये काम करणारा माणूस पुष्कळदा एकाच मालकाकडे जन्म काढत नाही. चार वर्षे एका मिलमध्ये, मग दोन वर्षे घरची शेती, मग पुन्हा दुसऱ्या मिलमध्ये. असे तुकड्या-तुकड्यांनी आयुष्य जाते.

मग एक दिवस प्रश्न येतो. एकूण नोकरी किती झाली?

वर्षांची वर्षांत मिळवणी सर्वांनाच येते. पण नोकरी काही पुऱ्या वर्षांची नसते. वर्षे, महिने आणि दिवस, असे तिचे तीन भाग असतात. ह्या तीन भागांची बेरीज आपण ह्या पाठात करू. हिशेब सोपाच आहे. फक्त त्यात दोन ठिकाणी हातचा येतो, आणि तो सुटला तर पेन्शन सुटते. कशी ते पाहा.

१९९५ साली सरकारने कामगारांसाठी एक पेन्शन योजना सुरू केली. तिचे नाव कर्मचारी पेन्शन योजना. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. ज्यांचा भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला पी. एफ. म्हणतो तो कापला जातो, ते बहुतेक कामगार ह्या योजनेत येतात. नियम असा, की दहा वर्षांची सेवा भरली तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळते. ही पेन्शन दरमहा किमान १,००० रुपये असावी, असे १ सप्टेंबर २०१४ पासून ठरले. माणूस गेला तर पुढे त्याच्या बायकोलाही काही पेन्शन मिळते. पण दहा वर्षे भरली नाहीत, तर दरमहा काही नाही. एकदाच थोडी रक्कम हातात पडते आणि हिशेब संपतो.

आता ह्या दहा वर्षांत एक बारकी गोष्ट आहे. सगळी सेवा मिळवून शेवटी सहा महिने किंवा त्याहून जास्त उरले, तर ते पूर्ण एक वर्ष धरतात. सहा महिन्यांहून कमी उरले, तर ते सोडून देतात. म्हणजे ९ वर्षे ६ महिने झाले की ती १० वर्षे. आणि ९ वर्षे ५ महिने २९ दिवस झाले, तर ती ९ वर्षेच. एका दिवसाचा फरक, पण एकीकडे जन्मभर पेन्शन आणि दुसरीकडे काही नाही. म्हणून दिवसांचाही हिशेब नीट झाला पाहिजे.

समजा, एक मिस्त्रीभाऊ आहेत. त्यांनी अठ्ठावन्न वर्षे पूर्ण केली. त्यांच्या पेटीत दोन कागद आहेत. पहिला कागद गोंदियातल्या एका मिलचा. त्यावर लिहिले आहे: कामावर हजर १२ जुलै २००६, काम सोडले ३ एप्रिल २०११. दुसरा कागद तिरोड्याच्या एका मिलचा. कामावर हजर १८ जून २०१३, काम सोडले ३१ मार्च २०१८. मधली दोन वर्षे ते घरी धानाच्या बांधीतच होते.

कागदावर तारखा आहेत, मुदत नाही. म्हणून आधी प्रत्येक कागदाची मुदत काढू. मुदती निघाल्या म्हणजे मग बेरीज.

मुदत काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हजर झाल्याचा दिवस कामाचा, आणि सोडल्याचा शेवटचा दिवसही कामाचा. एखादा माणूस महिन्याच्या १ तारखेपासून ३ तारखेपर्यंत कामावर गेला, तर तो किती दिवस गेला? बोटे मोजा. एक, दोन, तीन. तीन दिवस. पण ३ मधून १ वजा केला तर येतात २. एक दिवस कुठे गेला? वजाबाकीने पहिला दिवस खाल्ला. तो परत मिळावा म्हणून शेवटच्या तारखेत आधी एक दिवस मिळवायचा आणि मग वजाबाकी करायची.

पहिला कागद घेऊ. शेवटची तारीख ३ एप्रिल २०११. एक दिवस मिळवला, झाली ४ एप्रिल २०११. एप्रिल चौथा महिना आणि जुलै सातवा. आता वर्ष, महिना, दिवस अशा तीन रकान्यांत मांडू.

वर्ष   महिना   दिवस
२०११   ४   ४
२००६   ७   १२

वजाबाकी नेहमी उजवीकडून, म्हणजे दिवसांपासून. ४ मधून १२ जात नाहीत. म्हणून महिन्यांच्या रकान्यातून एक महिना उसना घेऊ. एप्रिलच्या आधीचा महिना मार्च. मार्चचे दिवस ३१. ते ४ दिवसांत मिळवले, झाले ३५. पस्तिसातून १२ गेले, उरले २३ दिवस.

एक महिना उसना दिला, म्हणून ४ महिन्यांचे उरले ३. तीनमधून ७ जात नाहीत. आता वर्षांच्या रकान्यातून एक वर्ष उसने. वर्षाचे महिने १२. बारा आणि तीन पंधरा. पंधरातून ७ गेले, उरले ८ महिने.

२०११ मधून एक वर्ष गेले, राहिले २०१०. त्यातून २००६ गेले, उरली ४ वर्षे.

पहिल्या मिलची नोकरी झाली ४ वर्षे ८ महिने २३ दिवस.

कोणाला ही वजाबाकी किचकट वाटली, तर भिंतीवरच्या कालनिर्णयासारखी मोजणी करावी. १२ जुलै २००६ पासून ११ जुलै २०१० पर्यंत ४ वर्षे. तिथून ११ मार्च २०११ पर्यंत ८ महिने. मग १२ मार्च ते ३१ मार्च हे २० दिवस आणि एप्रिलचे ३. एकूण २३. उत्तर तेच. आम्हाला विचाराल तर ही दुसरी रीत बरी. तिच्यात उसने-पासने काही नाही, आणि चूक झाली तर डोळ्यांना दिसते.

दुसरा कागद ह्याच रीतीने मोजू. १८ जून २०१३ पासून १७ जून २०१७ पर्यंत ४ वर्षे. तिथून १७ मार्च २०१८ पर्यंत ९ महिने. मग १८ मार्च ते ३१ मार्च. अठरापासून एकतीसपर्यंत दोन्ही धरून १४ दिवस. म्हणजे दुसरी नोकरी ४ वर्षे ९ महिने १४ दिवस.

आता मुख्य काम. दोन्ही मुदती एकाखाली एक लिहू. दिवसाखाली दिवस, महिन्याखाली महिना, वर्षाखाली वर्ष.

वर्षे   महिने   दिवस
४   ८   २३
४   ९   १४

दिवसांपासून सुरुवात करू. २३ आणि १४ झाले ३७ दिवस. सदतीस दिवस तसेच लिहून ठेवायचे नसतात, कारण त्यात एक महिना दडलेला आहे. महिन्याचे दिवस ३० धरायचे. सदतिसातून ३० काढले, उरले ७. दिवसांच्या रकान्यात ७ लिहिले आणि एक महिना हातचा.

महिन्यांच्या रकान्यात ८ आणि ९ सतरा, आणि हातचा १ अठरा. अठरा महिन्यांतही एक वर्ष दडलेले आहे. अठरातून १२ काढले, उरले ६. महिन्यांच्या रकान्यात ६ लिहिले आणि एक वर्ष हातचे.

वर्षांच्या रकान्यात ४ आणि ४ आठ, आणि हातचा १ नऊ.

एकूण सेवा: ९ वर्षे ६ महिने ७ दिवस.

सहा महिने भरले. म्हणून दहा वर्षे धरली जातील. मिस्त्रीभाऊंना पेन्शन लागते.

आता हाच हिशेब एखाद्याने घाईने केला असता तर? त्याने दिवसांखाली ३७ लिहिले असते. महिने सतरा, त्याचे एक वर्ष आणि पाच महिने. वर्षे नऊ. म्हणजे ९ वर्षे ५ महिने ३७ दिवस. वाचणाऱ्याची नजर वर्षांवर आणि महिन्यांवर जाते. ‘नऊ वर्षे पाच महिने? सहा महिने नाहीत. नऊच वर्षे.’ आणि कागद बाजूला. अशा वेळी घरातले कोणी म्हणेल, ‘अहो, हे सदतीस दिवस म्हणजे महिन्यावर सात दिवस झाले की! तो महिना कुठे टाकला?’ हा प्रश्न बरोबर आहे. तोच कचेरीत विचारायचा.

हातच्याची ही रीत म्हाताऱ्या माणसांना नवी नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपये, आणे, पै असा हिशेब होता. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. पै बारा झाल्या की एक आणा हातचा, आणे सोळा झाले की एक रुपया हातचा. प्रत्येक रकान्याचा आकडा वेगळा. आपल्या हिशेबातही तसेच आहे. दिवस तीस झाले की एक महिना, महिने बारा झाले की एक वर्ष. साध्या बेरजेत दहा झाले की हातचा येतो, म्हणून हात तिकडे वळतो. इथे दहाचा हातचा नाही, एवढे मनाला बजावावे.

ह्याच कारणाने मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब चुकतो. पुष्कळ जण ४ वर्षे ८ महिने म्हणून ४.८ दाबतात, आणि ४ वर्षे ९ महिने म्हणून ४.९. यंत्र सांगते ९.७. मग ते म्हणतात, नऊ वर्षे सात महिने. यंत्राचे काही चुकलेले नाही. त्याला टिंबापुढचे आकडे महिने आहेत हे ठाऊकच नाही. त्याने दहाचा हातचा धरला. खरे तर ८ आणि ९ सतरा महिने, म्हणजे एक वर्ष पाच महिने. म्हणून टिंब वापरू नये. यंत्र वापरायचे तर एकेक रकाना वेगळा मिळवावा.

इथे कोणी शंका काढेल. मुदत काढताना तुम्ही मार्च महिना ३१ दिवसांचा धरला, आणि बेरीज करताना महिना ३० दिवसांचा. हे कसे?

शंका रास्त आहे. मुदत काढताना आपल्या पुढे तारखा होत्या. उसना घेतलेला महिना मार्चच होता, आणि मार्चला ३१ दिवस असतात. पण बेरजेतले २३ दिवस २०११ सालच्या मार्च-एप्रिलमधले, आणि १४ दिवस २०१८ सालच्या मार्चमधले. ते एकत्र आले तर कोणत्या महिन्याचे झाले? कोणत्याच नाही. तिथे पंचांग लागू पडत नाही. म्हणून सुट्या दिवसांचा महिना ३० चा धरण्याची रीत आहे. मिस्त्रीभाऊंच्या बाबतीत कोणी हट्टाने ३१ धरले, तरी ३७ मधून ३१ जाऊन ६ दिवस उरतात आणि महिना हातचा येतोच. उत्तर एका दिवसाने हलते, पेन्शन हलत नाही. भांडण होते ते सुट्या दिवसांची बेरीज बरोबर ३० आली तर. ते उदाहरण पुढे सरावात आहे.

केलेली बेरीज बरोबर आहे की नाही, हे तपासायची एक युक्ती सांगतो. मधली रिकामी मुदतही मोजायची. मिस्त्रीभाऊ ४ एप्रिल २०११ पासून १७ जून २०१३ पर्यंत घरी होते. ती मुदत २ वर्षे २ महिने १४ दिवस. आता दोन्ही नोकऱ्या आणि ही रिकामी मुदत, तिन्ही मिळवली तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ आला पाहिजे.

वर्षे   महिने   दिवस
९   ६   ७
२   २   १४

दिवस २१, महिने ८, वर्षे ११. आता सरळ मोजा. १२ जुलै २००६ पासून ११ जुलै २०१७ पर्यंत ११ वर्षे. तिथून ११ मार्च २०१८ पर्यंत ८ महिने. १२ मार्च ते ३१ मार्च २० दिवस. म्हणजे ११ वर्षे ८ महिने २० दिवस. एका दिवसाचा फरक आला. तो महिना ३० चा धरल्यामुळे आला, त्याची काळजी नाही. दोन-तीन दिवसांपर्यंत फरक असला तर बेरीज बरोबर समजावी. पण फरक महिन्याचा आला तर हातचा सुटला आहे, आणि वर्षाचा आला तर वर्षाचा हातचा सुटला आहे. पुन्हा मांडावे.

ह्या तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. काही जण पहिल्या कागदाची पहिली तारीख आणि दुसऱ्या कागदाची शेवटची तारीख घेतात, आणि ‘माझी साडेअकरा वर्षांवर नोकरी झाली’ असे सांगतात. त्यात घरी बसलेली दोन वर्षेही धरलेली असतात. ती सेवा नव्हे. तसेच दोन कागदांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील, म्हणजे पहिली मिल सोडल्याच्या तारखेआधीच दुसऱ्या मिलची हजेरी लागली असेल, तर ते दिवस दोनदा मोजू नयेत.

आणखी एक चूक अशी, की प्रत्येक नोकरी आधीच पुरी करून घ्यायची आणि मग मिळवायची. समजा एक नोकरी ४ वर्षे ५ महिने आणि दुसरी ५ वर्षे २ महिने. पहिलीचे पाच महिने सोडले, राहिली ४. दुसरीचे दोन महिने सोडले, राहिली ५. एकूण ९. पण खरी बेरीज ९ वर्षे ७ महिने होते, म्हणजे १०. म्हणून वर्ष पुरे करणे किंवा महिने सोडणे हे सगळ्यात शेवटी, एकदाच.

गणित झाले. पण कचेरीत नुसते गणित चालत नाही. मिस्त्रीभाऊंच्या दोन नोकऱ्या खरोखर मिळवल्या जातील की नाही, हे आणखी दोन गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट पैशाची. पहिली मिल सोडल्यावर पुष्कळ जण पी. एफ.चे पैसे काढतात. पी. एफ.चे पैसे वेगळे आणि पेन्शनच्या खात्यातले पैसे वेगळे. पेन्शनच्या पैशासाठी फॉर्म १०-सी भरावा लागतो. त्या फॉर्मवर दोन वाटा असतात. एक, पैसे काढून घेणे. दुसरी, पैसे न काढता सेवेचे प्रमाणपत्र घेणे. त्याला स्कीम सर्टिफिकेट म्हणतात. ज्याने पैसे काढले, त्याची ती मुदत संपली. मग तो कागद पेटीत असला तरी ती ४ वर्षे ८ महिने २३ दिवस बेरजेत येत नाहीत. ज्याने प्रमाणपत्र घेतले किंवा जुने खाते नव्या खात्यात बदलून घेतले, त्याचीच बेरीज होते. मिस्त्रीभाऊंनी पैसे काढले नव्हते, असे आपण धरले आहे.

इथे एक अडचण पुष्कळांना येते. आज प्रत्येक कामगाराला बारा आकड्यांचा एक नंबर असतो, त्याला यूएएन म्हणतात. हा नंबर २०१४ साली आला. त्याआधी प्रत्येक मालकाकडे वेगळा खाते नंबर असे. म्हणून २०११ मध्ये संपलेली नोकरी पुष्कळदा यूएएनच्या नोंदीत दिसतच नाही. दुसरीच नोकरी दिसते. तेव्हा कचेरीतून ‘तुमची चारच वर्षे आहेत’ असे सांगितले गेले, तर ती बेरजेतली चूक नसते. पहिली ओळच मांडलेली नसते. पहिल्या मिलचा जुना पी. एफ. नंबर पगाराच्या कागदावर किंवा वर्षाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर सापडतो. तो देऊन जुने खाते जोडून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट बिनपगारी दिवसांची. माणूस नोकरीवर आहे, पण काही दिवस कामावर गेला नाही आणि त्या दिवसांचा पगार मिळाला नाही, तर त्या दिवसांची वर्गणीही भरली जात नाही. हे दिवस नोंदीत वेगळ्या रकान्यात लिहिलेले असतात, आणि पेन्शनची सेवा धरताना ते वजा होतात. मिस्त्रीभाऊंच्या हाती सहा महिन्यांच्या वर सातच दिवस आहेत. समजा त्यांचे बिनपगारी दिवस १० निघाले. सातमधून १० जात नाहीत. एक महिना उसना घेतला, त्याचे ३० आणि हे ७, झाले ३७. त्यातून १० गेले, उरले २७. महिने राहिले ५. म्हणजे ९ वर्षे ५ महिने २७ दिवस. हातच्याने आलेला महिना उसन्यात परत गेला, आणि पेन्शनही गेली. बिनपगारी दिवस ७ पर्यंत असते तर सहा महिने शाबूत राहिले असते. म्हणून ‘माझे बिनपगारी दिवस किती लिहिले आहेत’ हे विचारावे, आणि ते आपल्या आठवणीशी, पगाराच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहावे. न गेलेला दिवस आणि चुकून लिहिलेला दिवस ह्यात फरक आहे.

जे हंगामी कामगार आहेत, म्हणजे ज्यांचा कारखानाच वर्षातून काही महिने चालतो, त्यांच्यासाठी ह्या योजनेत वेगळी सवलत आहे. त्यांची वर्षातली काही महिन्यांची सेवाही पूर्ण वर्ष धरली जाते. आपला पाठ बारमाही कामाचा आहे.

आणि ही बेरीज पेन्शनची. ग्रॅच्युइटीसाठी दोन मालकांच्या नोकऱ्या अशा मिळवत नाहीत. ती प्रत्येक मालकाकडे वेगळी मोजतात. दोन्हींची गल्लत करू नये.

आता सराव. वही घ्या.

पहिले गणित. एका बाईंनी विडी कारखान्यात ५ वर्षे ११ महिने २५ दिवस काम केले. पुढे दुसऱ्या कारखान्यात ३ वर्षे ६ महिने ५ दिवस. दोन्ही ठिकाणी पी. एफ. कापला गेला. पैसे काढलेले नाहीत, बिनपगारी दिवस नाहीत. एकूण सेवा किती?

मांडणी करा, मग पुढे वाचा.

दिवस २५ आणि ५ तीस. बरोबर तीस. म्हणून दिवसांच्या रकान्यात ० आणि महिना हातचा १. महिने ११ आणि ६ सतरा, हातच्यासह अठरा. सहा लिहा, वर्ष हातचे १. वर्षे ५ आणि ३ आठ, हातच्यासह नऊ. उत्तर ९ वर्षे ६ महिने ० दिवस. सहा महिने काठोकाठ भरले. नियमात ‘सहा महिने किंवा जास्त’ असे आहे, म्हणून काठोकाठही चालतात. इथे मात्र कोणी महिना ३१ चा धरला, तर ९ वर्षे ५ महिने ३० दिवस होतात आणि बाईंची पेन्शन जाते. असे झाले तर बाईंनी कचेरीत म्हणावे, ‘साहेब, सुट्या दिवसांचा महिना किती दिवसांचा धरला, ते कागदावर लिहून द्या.’ तोंडी उत्तरावर परत येऊ नये. आणि दोन्ही नोकऱ्यांच्या मूळ तारखा पुन्हा मोजून घ्याव्यात. जिथे एका दिवसावर सगळे अडले आहे, तिथे शेवटचा दिवस मोजायचा राहिला आहे काय, हे आधी पाहावे.

दुसरे गणित. ३ वर्षे १० महिने १८ दिवस, आणि ५ वर्षे ७ महिने ९ दिवस. इथे दिवसांचा हातचा येतो काय, ते आधी सांगा आणि मग बेरीज करा.

तिसरे गणित. पहिली नोकरी ५ फेब्रुवारी २००९ ते २० ऑगस्ट २०१२. दुसरी १ डिसेंबर २०१३ ते १५ जानेवारी २०२०. आधी मुदती काढा, मग मिळवा.

उत्तरे. दुसरे: ९ वर्षे ५ महिने २७ दिवस, दिवसांचा हातचा येत नाही. सहा महिन्यांना तीन दिवस कमी पडले, म्हणून ही ९ वर्षे. अशा माणसाचे वय अठ्ठावन्नाच्या आत असेल, तर त्याने पैसे काढू नयेत, प्रमाणपत्र घ्यावे. पुढे कुठे वर्गणी भरली जाईल असे थोडे दिवस काम मिळाले, तरी ते तीन दिवस भरून निघतात. तिसरे: पहिली मुदत ३ वर्षे ६ महिने १६ दिवस, दुसरी ६ वर्षे १ महिना १५ दिवस. बेरीज ९ वर्षे ८ महिने १ दिवस. म्हणजे १० वर्षे.